यमाजीपंतांचे बोलावणे

पैठणच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या उंबऱ्यावर एक गोष्ट कटाक्षाने पाळली जाई. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हापासून त्या घरात 'मरण' हा शब्द कोणी उच्चारत नसे. डॉक्टर येऊन जात, आत्या ओसरीवर जाऊन डोळे पुसून येत, शेजारपाजारचे लोक 'आता बरे वाटते ना?' असे विचारून जात. आजोबा सगळ्यांना 'हो, हो' म्हणत. एका दुपारी मी त्यांना औषध देत असताना ते एकदम मिस्कीलपणे म्हणाले, ''बाळ, हे सगळे एवढे हळू का बोलतात? यमाजीपंतांची तलब आलीय, एवढंच ना? सरकारी नोकराला बदलीचं काय नवल?''

आजोबांची सारी हयात तहसील कचेरीत गेली होती. शिपायाने आणलेला लखोटा, त्यावरची सही आणि तारीख, कार्यभार सोपवताना जुळवावे लागणारे दप्तर यांची भाषा त्यांच्या अंगात मुरली होती. पण 'यमाजीपंत' हा शब्द त्यांचा नव्हता. तो आमच्याच गावच्या एका माणसाने चारशे वर्षांपूर्वी मराठीत आणला. त्या माणसाचे नाव संत एकनाथ.

मृत्यूला माणसाचे रूप देण्याची हौस सगळ्या जगाला आहे. कोणी त्याच्या हाती विळा दिला, कोणी त्याला बुद्धिबळाच्या पटासमोर बसवले. आपल्याकडे तो रेड्यावर बसून, हाती पाश घेऊन येतो. (आणि ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे परंपरा सांगते, तो रेडाही पैठणचाच, हा योगायोग गमतीचा खराच!) परंतु मृत्यूला अंगरखा आणि पागोटे घालून, नावापुढे 'पंत' लावून सरकारी कचेरीत बसवावे ही कल्पना नाथांची. ती नुसती विनोदाची नाही. तिच्यामागे मरणाकडे पाहण्याची एक नवी तऱ्हा आहे. ती समजून घ्यायची तर नाथांच्या आधीचा यम कसा होता, ते आधी पाहायला हवे.

वाटाड्या ते न्यायाधीश

आपल्या मनातला यम म्हणजे हिशेब मागणारा कठोर न्यायाधीश. शेजारी चित्रगुप्त, पुढ्यात पापपुण्याची भलीमोठी वही. पण ऋग्वेदातला यम असा नाही. तिथे तो वाटाड्या आहे. जी वाट पुढे सगळ्यांनाच चालायची आहे, ती ज्याने प्रथम शोधली तो यम. पुढे गेलेल्या पूर्वजांचा तो राजा आहे. त्याच्या वाटेवर चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखण करतात. तिथे चित्रगुप्त नाही आणि वहीही नाही.

कठोपनिषदात तो भेटतो तेव्हा तर तो संकोचलेला यजमान असतो. नचिकेता हा लहान मुलगा त्याच्या दारी येतो तेव्हा यम घरी नसतो. मुलगा तीन रात्री उपाशी ताटकळतो. परतल्यावर यमाला अपराधी वाटते आणि प्रत्येक रात्रीचा एक, असे तीन वर तो देऊ करतो. दाराशी आलेला अतिथी उपाशी राहिला, ही चूक मृत्यूसुद्धा स्वतःच्या पदरी घेतो!

चित्रगुप्त येतो तो नंतर, महाभारताच्या अनुशासनपर्वात आणि पुढे पुराणांत. घरात कोणी गेले की सुतकाच्या दिवसांत जे गरुडपुराण वाचले जाते, त्यात त्याची वही पूर्ण उघडलेली असते. म्हणून यमाची एखादी गोष्ट कानावर आली की तिच्यात वही आहे का, हे पाहावे. वही नसेल तर गोष्टीची जात जुनी. वही असेल तर समजावे, की यम आता वाटाड्याचा न्यायाधीश झाला आहे आणि मरणाच्या भीतीला हिशेबाची भीती येऊन मिळाली आहे.

एकदा न्यायाधीश झाला की त्याच्या न्यायावर शंका घेणाराही निघतोच. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. मौन धरून बसलेल्या या ऋषींच्या आश्रमात चोर लपले. राजाच्या शिपायांनी चोरांबरोबर त्यांनाही धरले आणि सुळावर चढवले. तपाच्या बळावर ते जगले. मग ते थेट धर्मराजापुढे, म्हणजे यमापुढे गेले आणि 'हे कोणत्या पापाचे फळ?' असे विचारते झाले. उत्तर मिळाले : लहानपणी तुम्ही किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती. मांडव्य म्हणाले, एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? अजाण वयातल्या कृत्याला? त्यांनी तिथल्या तिथे नवा नियम घालून दिला, की चौदा वर्षांपर्यंतच्या वयात केलेले कृत्य पाप म्हणून धरले जाणार नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. चुकीचा निवाडा केल्याबद्दल त्यांनी यमालाच मनुष्यजन्माचा शाप दिला. तोच विदुर.

न्यायाधीशाच्या अधिकाराला इथे मर्यादा पडली. त्याचा निवाडा चुकू शकतो आणि त्यालाही जाब विचारता येतो, हे एकदा मान्य झाले, की न्यायाधीशाचा अधिकारी व्हायला फारसा वेळ लागत नाही.

रडणारी मृत्यू

महाभारतातच, शांतिपर्वात, आणखी एक गोष्ट आहे. ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. युद्धात पडलेल्या वीरांकडे पाहून युधिष्ठिर भीष्मांना विचारतो : मृत्यू आला कुठून? भीष्म त्याला अकंपन राजाची कथा सांगतात. रणात मुलगा गमावलेल्या त्या राजाच्या सांत्वनासाठी नारदाने सांगितलेली ही कहाणी.

सृष्टीच्या आरंभी कोणी मरतच नव्हते. प्राणी वाढत गेले, पृथ्वीला भार सोसेना. ब्रह्मदेवाला संताप आला आणि त्या संतापाच्या आगीत सारे जळू लागले. शंकराने विनवल्यावर त्याने ती आग आवरली. तेव्हा त्याच्या देहातून एक स्त्री प्रकटली. तिचे नाव मृत्यू. ब्रह्मदेवाने तिला काम नेमून दिले : प्राण्यांचा संहार कर. ती रडू लागली. कोणाचे आईबाप, कोणाची मुले मी कशी हिरावून घेऊ? लोक मला शाप देतील. ती काम टाळून निघून गेली आणि तिने वर्षानुवर्षे तप केले. ब्रह्मदेवाने पुन्हा बोलावले. तिने पुन्हा नकार दिला. अखेर आज्ञा मोडता येईना. तेव्हा ब्रह्मदेवाने तोड काढली. तिने ओंजळीत धरलेल्या अश्रूंचे रोग होतील, लोभ-क्रोधादी विकार माणसाला आतून पोखरतील, आणि माणसे त्यांनीच मरतील. तिच्या माथी अधर्म येणार नाही.

नीट पाहिले तर या गोष्टीत मृत्यू ही नेमणूक झालेली नोकर आहे. तिला काम नको आहे. तिने दोनदा अर्ज फेटाळून घेतला आहे. आणि शेवटी 'मारणारी मी नाही, माणसाचे विकार आणि रोग' अशी कामाची विभागणी होते, तेव्हाच ती रुजू होते. थकलेल्या, नाइलाजाने काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे बीज इथे आहे. नाथांनी त्याला कचेरी दिली.

देवगिरीची कचेरी

नाथांना कचेरी बाहेरून ऐकून माहीत नव्हती. १५३३ च्या सुमारास पैठणला जन्मलेले एकनाथ लहान वयातच देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी निजामशाहीच्या चाकरीत किल्ल्याचे अधिकारी होते. गुरूच्या घरची सेवा म्हणजे तिथे पूजेची तयारी होती, तसे दप्तरही होते.

त्या दिवसांची एक आख्यायिका घरोघरी ठाऊक आहे. एकदा हिशेबात अगदी क्षुल्लक रकमेचा फरक येत होता. नाथ रात्रभर दिव्यासमोर बसून तो शोधत राहिले. पहाटेला चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. जागे झालेले जनार्दनस्वामी म्हणाले, एवढ्याशा चुकीच्या शोधात एवढा आनंद, तर जन्माची चूक सापडली तर किती होईल! आख्यायिका ती आख्यायिका. पण हिशेब जुळत नसताना माणसाला झोप येत नाही, हे ज्याने अनुभवले त्याच्या हाती चित्रगुप्ताची वही पडली म्हणजे तिचे काय होते, ते नाथांच्या 'अर्जदस्त' या भारुडात दिसते.

अर्जदस्त हा शब्द फारसीतून आलेला. खालच्या अधिकाऱ्याने वरिष्ठाला लिहिलेले विनंतिपत्र म्हणजे अर्जदस्त. त्या काळचा सरकारी कागद फारसी वळणाचा असे आणि नाथांनी ते वळण जसेच्या तसे उचलले. आधी सलाम, मग लिहिणाऱ्याचे नाव व हुद्दा, मग प्रांताचे वर्तमान, शेवटी विनंती. कागद अस्सल आहे. फक्त त्यातला प्रांत म्हणजे माणसाचे शरीर आहे.

परगणे शरीराबाद

लिहिणारा आहे जिवाजी शेखदार, म्हणजे आपला जीव. त्याचा कारकून बुद्धाजी, म्हणजे बुद्धी. परगण्याचे नाव शरीराबाद, किल्ला कायापुरी. साहेबांच्या, म्हणजे परमेश्वराच्या, हुकमाने जिवाजी या परगण्यावर आला आहे आणि सरकारी काम सुरू करू पाहतो आहे. पण काम चालत नाही. कारण परगण्यातली जुनी मंडळी. दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी. एक कचेरीत ठाण मांडून बसतो, दुसरा परस्पर आपले काम उरकतो, तिसरी सारा परगणा मुठीत ठेवते.

आजच्या वाचकाला ही नावे नुसती गमतीची वाटतील. पण त्या काळच्या श्रोत्याला त्यात नेमके काय कळत असेल, ते पाहण्यासारखे आहे. शेखदार हा सरकारने नेमलेला वसुलाचा अधिकारी. तो येतो आणि जातो. देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन हे मात्र वतनदार, पिढ्यान् पिढ्या तिथेच मुळे धरून बसलेले. देशमुख परगण्याचा प्रमुख, देशपांड्याकडे परगण्याचे दप्तर, शेटे-महाजनांकडे पेठ. नेमलेल्या अधिकाऱ्याला सारी माहिती मिळायची ती याच लोकांकडून. वतनदारांनी संगनमत केले, की वसूल वर जायचा नाही आणि दोष मात्र शेखदाराच्या माथी यायचा. परगण्यावर राज्य कोणाचे, हा त्या काळच्या कारभारातला नित्याचा झगडा होता.

नाथांनी तोच झगडा देहात आणून ठेवला. जीव हा बदलीवर आलेला माणूस. दंभ, काम, ममता, क्रोध हे तिथले वतनदार. आणि कारभाराचा पहिला नियम जिवाजी विसरला आहे : परगणा त्याचा नाही, तो नेमणुकीवर आहे.

मग येतात यमाजीपंत. त्यांच्याकडून बोलावणे येते, की हुजुरात हजर व्हावे. नाथांचे बारीक कौशल्य इथे आहे. बोलावणे म्हणजे नुसते जाणे नव्हे. हुजुरात गेलेल्या अधिकाऱ्याला जमा किती, खर्च किती, बाकी किती, हे दाखवावे लागते. जिवाजीजवळ दाखवायला काही नाही. परगणा तर हातचा जाऊ लागला आहे. म्हातारपण येऊन पोचते आणि गावांमागून गावे उजाड होतात. डोळ्यांच्या वाडीत वस्ती राहत नाही, कानांच्या गावी हाक पोचत नाही, नाकाच्या गावाला पाण्याची धार लागते, दातांचे गाव पडून जाते. म्हातारपणाचे एवढे हसरे आणि एवढे निर्दय वर्णन मराठीत विरळा. हसताहसता ऐकणारा आपल्या दातांवरून जीभ फिरवतो!

पंत मोठे की साहेब?

आता खरा मुद्दा. या कागदात यमाचे स्थान कोणते?

गरुडपुराणातला यम आसनावर बसलेला आहे. त्याच्या वर कोणी दिसत नाही. त्याचा शब्द शेवटचा. यमाजीपंत मात्र अंमलदार आहेत. बोलावणे त्यांच्याकडून आले, पण राज्य त्यांचे नाही. जिवाजीने अर्ज लिहिला तो पंतांना नव्हे, पंतांच्या साहेबांना. ज्या दरबारातून जिवाजीची नेमणूक झाली, त्याच दरबाराचे यमाजीपंतही चाकर. दोघे एकाच सरकारचे नोकर, एक परगण्यावर, दुसरा बोलावणी बजावणारा.

मृत्यूला 'पंत' म्हटल्याने तो लहान झाला, त्याची थट्टा झाली, असे वरवर वाटते. पण नाथांनी केले ते थट्टेपेक्षा फार मोठे आहे. त्यांनी मृत्यूच्या वर एक अधिकारी दाखवला आणि त्याच्याकडे अर्ज करण्याची वाट सामान्य माणसाला मराठीत दाखवून दिली. न्यायाधीशापुढे माणूस आरोपी असतो. साहेबाला पत्र लिहिणारा माणूस, कितीही चुकलेला असला, तरी चाकर असतो, घरचा असतो. आरोपीला भीती वाटते ती शिक्षेची. चाकराला लाज वाटते ती न केलेल्या कामाची. भीतीची जागा लाजेने घेणे, हे या भारुडाचे मर्म.

अर्जाच्या शेवटी नाथ आपल्या गुरूचे नाव घालून सही करतात, तशी ती त्यांच्या साऱ्या रचनांत असते. इथे मात्र तिला वेगळी धार आहे. जनार्दन म्हणजे परमेश्वर आणि जनार्दन म्हणजे देवगिरीच्या कचेरीतले ते खरेखुरे साहेब, ज्यांच्यासमोर नाथांनी हिशेबाच्या वह्या धरल्या. नाथांच्या भारुडांत अर्जदस्ताबरोबर अभयपत्र आहे, ताकीदपत्र आहे, कौलनामाही आहे. कौल म्हणजे उजाड झालेल्या गावात पुन्हा वस्ती व्हावी म्हणून सरकारने रयतेला दिलेले अभयवचन, बहुधा साऱ्याच्या सवलतीसह. कागदांचा हा सारा गठ्ठा डोळ्यांपुढे ठेवला, की नाथांच्या दरबारात हुकूम फक्त वरून खाली येत नाहीत, खालून वर गाऱ्हाणेही जाते, हे ध्यानात येते.

घरातला यम

ही दृष्टी नाथांच्या एकट्याची नव्हती. आपल्या घरांत ती सणावारांत मुरलेली आहे. धनत्रयोदशीला संध्याकाळी कणकेचा दिवा लावून त्याची वात दक्षिणेकडे करतात, ते यमदीपदान. एरवी दक्षिणेकडे दिव्याचे तोंड करू नये म्हणून आई ओरडते. त्या एका संध्याकाळी मात्र ती स्वतःच करते. पुढे चार दिवसांत भाऊबीज येते. तिचे दुसरे नाव यमद्वितीया. त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला जातो अशी कथा आहे. मृत्यूलासुद्धा वर्षातून एक सुट्टी आहे आणि ती तो बहिणीच्या हातचे खाऊन घालवतो! ज्याला बहीण आहे आणि जेवणाची ओढ आहे, त्याच्याशी माणसाला बोलता येते.

कचेरी बिघडली की

मृत्यूला अधिकारी केले, की एक धोकाही येतो. कचेरी जशी चांगली चालते, तशी ती बिघडतेही. नाथांच्या दरबारात साहेब जागा आहे, म्हणून अर्जाला अर्थ आहे. तो साहेबच दिसेनासा झाला तर?

जबलपूरचे हिंदी लेखक हरिशंकर परसाई यांच्या 'भोलाराम का जीव' या प्रसिद्ध कथेत हेच घडते. धर्मराज आणि चित्रगुप्त हैराण होऊन बसले आहेत. भोलाराम मरून पाच दिवस झाले, पण त्याचा जीव घेऊन निघालेला यमदूतच आलेला नाही. तो आला तो रिकाम्या हातांनी. जीव वाटेत निसटला. शोध घ्यायला नारद पृथ्वीवर येतात. भोलाराम हा निवृत्त गरीब नोकर होता. निवृत्त होऊन पाच वर्षे झाली तरी पेन्शन मिळाली नव्हती. नारद कचेरीत जातात, टेबलामागून टेबले हिंडतात. साहेब कागदावर 'वजन' मागतो आणि नारदाची वीणाच ठेवून घेतो. अखेर फाईल उघडते आणि तिच्यातून आवाज येतो, पोस्टमन आला काय? पेन्शनचा हुकूम आला काय? स्वर्गात चल म्हटले तरी भोलारामचा जीव त्या फायलीतून हलायला तयार नाही.

इथे मृत्यूचा अधिकारी खराखुरा थकला आहे, कारण त्याच्या कचेरीपेक्षा पृथ्वीवरची कचेरी अधिक बलवान झाली आहे. नाथांचा जिवाजी परगण्यात रमला म्हणून जायला तयार नव्हता. भोलाराम मात्र त्याचे न्याय्य देणे मिळाले नाही म्हणून अडकला आहे. दोन्ही गोष्टींत हिशेब अपुरा आहे. पण नाथांच्या गोष्टीत बाकी माणसाकडे निघते, परसाईंच्या गोष्टीत ती सरकारकडे निघते. चारशे वर्षांत येणे-देणे उलटे झाले.

दूरच्या पोर्तुगालमधले जोझे सारामागो यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका कादंबरीतही मृत्यू पत्रे पाठवते. तिथेही ती स्त्री आहे. एका देशात नववर्षाच्या दिवसापासून कोणी मरेनासे होते, आणि काही काळाने मृत्यू पुन्हा कामावर येते ती माणसांना आठवडाभर आधी जांभळ्या लखोट्यातून सूचना देत. विचार चांगला, की लोकांना आवराआवर करायला वेळ मिळावा. पण सूचना मिळालेली माणसे घाबरून जातात. आणि एका वादकाच्या नावचे पत्र पुन्हा पुन्हा परत येते. शेवटी ती स्वतःच त्याला शोधत निघते. नियमाने चालणाऱ्या कचेरीत एक कागद परत आला, की अधिकाऱ्याला खुर्ची सोडून माणूस पाहावा लागतो. आपल्या महाभारतातल्या त्या रडणाऱ्या मृत्यूची ही दूरची बहीणच म्हणायची.

दप्तर आवरताना

आजोबांनी यमाजीपंतांचे नाव घेतले त्या रात्री मी नाथांच्या गाथेतून अर्जदस्त काढले आणि त्यांच्या उशाशी बसून वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते. वतनदारांची नावे आली तेव्हा त्यांनी मान डोलावली. ओस पडलेली गावे आली तेव्हा ते एकेक बोट मिटत गेले. डोळे, कान, दात. तिसऱ्या बोटाला ते खुदकन् हसले. दारात उभी राहिलेली आत्या त्या हसण्याने आत आली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कोणीतरी हसले होते.

मग आजोबा म्हणाले, ''शेखदार घाबरला कशाला, कळलं का? बोलावणं आलं म्हणून नाही. जमाखर्च लिहिला नव्हता म्हणून.'' आणि त्यांनी मला कपाटातली त्यांची जुनी वही आणायला सांगितले. तीत दूधवाल्याचे चाळीस रुपये देणे होते. गावच्या एका सोबत्याकडून घेतलेले एक पुस्तक परत करायचे होते. धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून वीस वर्षे अबोला होता. तो मात्र वहीत नव्हता. तो त्यांनी तोंडी सांगितला.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात कोणी कुजबुजले नाही. दूधवाल्याचे पैसे गेले, पुस्तक गेले. चुलत आजोबा आले, उशाशी बसले, बांधाविषयी एक अक्षरही न बोलता दोघांनी चहा घेतला. संध्याकाळी आत्या विचारी, ''दादा, आज काय आवरायचं?'' आणि आजोबा यादी सांगत. मरण हा शब्द त्या घरात तेव्हाही कोणी उच्चारला नाही. पण आता त्याची गरज नव्हती. यमाजीपंत म्हटले की सगळ्यांना कळे, आणि ज्याला ते म्हणायचे होते, त्यालाही ते ऐकवत असे.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते. शके १५२१ मध्ये याच तिथीला नाथांनी गोदावरीत जलसमाधी घेतली, असे परंपरा सांगते. ही तिथी त्यांनी स्वतः निवडली, कारण त्यांच्या गुरूंचा, जनार्दनस्वामींचा, देह याच तिथीला ठेवला गेला होता. जिवाजीला न्यायला यमाजीपंतांचा माणूस यावा लागला. नाथ मात्र बोलावण्याची वाट न पाहता, दप्तर आवरून, साहेबाच्या ठरलेल्या दिवशी आपणहून हुजुरात गेले.

आजोबा गेले ते षष्ठीच्या आधीच, माघात, पहाटे. उशाशी वही होती. शेवटच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या. वरची ओळ : येणे काही नाही. खालची ओळ : देणे काही नाही. आणि तळाला, सवयीप्रमाणे, तारीख घालून सही.